जिन्यावरची पावलं मोजणारा आकडा

२८ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. निफ्टी एका दिवसात ४३२ अंकांनी आपटून ११,२०२ वर बंद झाला. चीनमधून निघालेला विषाणू आता इटली-इराणपर्यंत पोहोचल्याच्या बातम्या येत होत्या आणि बाजार सलग सहा सत्रं घसरत होता. त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी चार्ट उघडला, त्यांना किमतीच्या आलेखाखाली एक छोटी रेघ ३० च्या रेषेखाली गेलेली दिसली. ती रेघ आरएसआयची, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्सची. ३० च्या खाली म्हणजे ओव्हरसोल्ड, मराठीत अतिविक्री. ‘आता विकणारे दमले, सोमवारी बाउन्स येणार, उचला,’ हा त्या रेघेचा बाजारात लावला जाणारा सरधोपट अर्थ.

पुढच्या पंधरा सत्रांत निफ्टी आणखी ३२ टक्के कोसळला.

आरएसआयने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. त्याने जे सांगितलं ते वेगळं होतं आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते वेगळंच. हा फरक कुठे पडतो ते कळायचं असेल, तर तो आकडा बनतो कसा हे एकदा हाताने करून बघायला हवं. शाळेतल्या बेरीज-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

आरएसआयचा जनक जे. वेल्स वाइल्डर हा अमेरिकन माणूस. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे मालमत्तेच्या व्यवहारांत आणि मग वायदे बाजारात शिरलेला. १९७८ मध्ये त्याने स्वतःच्या पद्धतींचं एक पुस्तक काढलं आणि त्यात आरएसआय पहिल्यांदा सविस्तर मांडला. घरोघरी संगणक नसण्याचा तो काळ होता. वाइल्डरची सगळी गणितं कागदावर रकाने आखून, साध्या कॅल्क्युलेटरवर रोज संध्याकाळी करता येतील अशी बेतलेली होती. आज मोबाइलवरच्या प्रत्येक ट्रेडिंग ॲपमध्ये हीच रेघ एका बोटावर येते. गणित कोणी करत नाही, म्हणून अर्थही सुटतो.

नावावरून एक गैरसमज आधीच होतो. ‘रिलेटिव्ह’ म्हटल्यावर वाटतं, हा शेअर दुसऱ्या शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या तुलनेत किती मजबूत, ते सांगत असेल. तसं नाही. इथे शेअरची तुलना स्वतःशीच होते: त्याच्या वर जाण्याची त्याच्याच खाली येण्याशी.

आता तोच २८ फेब्रुवारीचा दिवस घेऊ. वाइल्डरने १४ दिवसांचा हिशेब धरला होता आणि आजही बहुतेक चार्टवर तोच आकडा आपोआप येतो. १० फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी या काळात बरोबर १४ सत्रं झाली. त्यांपैकी फक्त तीन दिवस निफ्टी वर बंद झाला. त्या तीन दिवसांची वाढ मिळून ३०३ अंक. उरलेल्या अकरा दिवसांची घट मिळून १,२०० अंक. म्हणजे वर आणि खाली मिळून निफ्टीने १,५०३ अंकांची चाल केली आणि त्यातली ३०३ अंकांची चाल वरच्या दिशेची होती. ३०३ भागिले १,५०३, गुणिले १००. उत्तर २०.

हाच आरएसआय. पुस्तकात त्याचं सूत्र जरा वेगळ्या वेशात येतं:

```
RS  = सरासरी वाढ / सरासरी घट
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

पण दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. एकूण हालचालीत वरच्या हालचालीचा वाटा शेकडा किती, एवढंच हा आकडा सांगतो. ५० म्हणजे चढ-उतार समसमान. ७० म्हणजे शंभरातली सत्तर पावलं वर, तीस खाली. जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाची कल्पना करा. आरएसआय त्याची पावलं मोजतो. त्याने गेल्या चौदा मिनिटांत किती पायऱ्या चढल्या आणि किती उतरल्या ते तो चोख सांगेल. पण माणूस दुसऱ्या मजल्यावर आहे की दहाव्या, आणि इमारत किती मजली आहे, हे त्या आकड्यात कुठेच नाही. म्हणूनच ‘आरएसआय ८०, शेअर महाग झालाय’ हे वाक्य मुळातच चूक. महाग-स्वस्त ठरतं कंपनीच्या कमाईवरून. आरएसआयला कमाई माहीत नाही, व्याजदर माहीत नाही, विषाणूही माहीत नव्हता.

वाइल्डरने एक पाऊल पुढे टाकलं होतं, आणि वेगवेगळ्या चार्टवर आरएसआयचे आकडे थोडे वेगळे का दिसतात त्याचं उत्तर त्यात आहे. पहिले १४ दिवस साधी सरासरी काढायची. त्यानंतर मात्र रोज कालच्या सरासरीला १३ ने गुणायचं, त्यात आजचा बदल मिळवायचा आणि १४ ने भागायचं. वाढीची सरासरी वेगळी, घटीची वेगळी. यामुळे जुने दिवस एकदम गळून न पडता हळूहळू विरत जातात. निफ्टीचा हिशेब २२ जानेवारीपासून सुरू करून असा पुढे नेला, तर २८ फेब्रुवारीचा आरएसआय २० ऐवजी २५ येतो, कारण त्यात महिन्याच्या सुरुवातीच्या तेजीची थोडी आठवण उरलेली असते. सुरुवात आणखी मागून केली तर एक-दोन अंकांचा फरक पडेल. या लेखातले पुढचे आकडे याच पद्धतीने, रोजच्या बंद भावांवरून काढलेले आहेत.

आता ७० आणि ३० या रेषांकडे येऊ. सत्तरच का? शेअर एका पट्ट्यात वर-खाली होत असेल, म्हणजे काही महिने ४०० आणि ४४० च्या दरम्यान घुटमळत असेल, तर सलग काही दिवस चढल्यावर तो पट्ट्याच्या वरच्या कडेला आलेला असतो आणि आरएसआय ७० च्या आसपास असतो. तिथून तो परततो. खालच्या कडेलाही तसंच. अशा बाजारात ७० ला विकणारा आणि ३० ला घेणारा बऱ्याचदा शहाणा ठरतो. हे काम आरएसआय एकटा करत नाही, पट्टा करतो. आरएसआय फक्त कड जवळ आल्याची खूण देतो. पट्टा तुटला की खूण तीच राहते, पण तिच्यामागचं कारण नाहीसं झालेलं असतं.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये नेमकं हेच झालं. २ मार्चला आरएसआय २४ वर उतरला. ३ मार्चला निफ्टी १७१ अंकांनी वर आला आणि आरएसआय ३२ झाला. बाजारात सावध समजल्या जाणाऱ्या माणसांचा एक नियम असतो: ३० च्या खाली गेल्यावर लगेच घ्यायचं नाही, परत ३० च्या वर येऊ द्यायचं, मग घ्यायचं. त्या नियमाने ३ मार्चला ११,३०३ च्या भावाला खरेदीचा इशारा दिला. ४ आणि ५ तारखेला आरएसआय ३० च्या जेमतेम वर तग धरून राहिला. ६ मार्चला २६. होळीच्या सुट्टीआधी, ९ तारखेला १९. मग ११ मार्चच्या रात्री जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ जाहीर केलं आणि १२ तारखेला निफ्टी ८६८ अंक पडून ९,५९० वर बंद झाला. आरएसआय १३.

तेरा! शंभरातली सत्त्याऐंशी पावलं खाली. याच्या खाली काय राहिलं, असं कोणालाही वाटावं. पण निफ्टीला त्यानंतरही २० टक्के खाली जायचं होतं. १३ मार्चला सकाळी बाजार उघडताच निर्देशांक दहा टक्के पडला, सर्किट लागून व्यवहार थांबले, आणि दिवसअखेर तोच निफ्टी ३६५ अंक वर बंद झाला. २३ मार्चला पुन्हा सर्किट लागलं. त्या दिवशी सुमारे १३ टक्के घसरून निफ्टी ७,६१० वर थांबला.

अतिविक्रीची खूण इतके दिवस कशी टिकते, हे त्या सूत्रातच दडलेलं आहे. घसरणीच्या काळात वाढीची सरासरी रोज चौदाव्या भागाने झिजत जाते आणि घटीची सरासरी फुगत जाते. मधूनच एखादा हिरवा दिवस आला तरी तो फुगवटा भरून काढायला पुरत नाही. १३ मार्चची ३६५ अंकांची उसळी इतर कोणत्याही महिन्यात बातमी ठरली असती. तिने आरएसआय १३ वरून २४ वर आणला, एवढंच.

दुसरी गोष्ट, आरएसआयचे शंभर अंक सारख्या अंतरावर नाहीत. ५० वरून ७० वर जायला वाढीची सरासरी घटीच्या सव्वादोन पटीहून थोडी जास्त व्हावी लागते. ८० ला चौपट. ९० ला नऊपट. म्हणजे वरच्या टोकाला एकेक अंक महाग होत जातो. जोरदार तेजीत किंमत शेकड्यांनी वाढते आणि आरएसआय मात्र ७२, ७४, ७५ असा रांगतो, ही त्या रचनेचीच करणी आहे. ‘आरएसआय थकला’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं लागतं.

तेजीचं उदाहरण त्याच वर्षाच्या शेवटी मिळतं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेची निवडणूक पार पडली, लशींच्या चाचण्यांच्या बातम्या आल्या, परदेशी पैसा धो धो आला. १० नोव्हेंबरच्या सुमारास निफ्टीच्या आरएसआयने ७० ओलांडले. निफ्टी तेव्हा १२,६३१ वर, म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या सर्वोच्च पातळीजवळ होता. विक्रमी भाव, वर ओव्हरबॉटची पाटी, आणि मार्चची भीती अजून ताजी. विकायला याहून सबळ कारण कोणतं? १८ नोव्हेंबरला आरएसआय ७६ झाला. १९ तारखेला निफ्टी १६७ अंक पडला आणि आरएसआय ६७ वर आला. ‘७० च्या खाली उतरला की विका’ हा सावध नियमही आता पूर्ण झाला होता.

त्यानंतरच्या वर्षभरात निफ्टी एकदाही १२,६३१ च्या खाली बंद झाला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ ला तो १५,३१५ वर होता. १० नोव्हेंबरला विकणाऱ्याने २१ टक्क्यांवर पाणी सोडलं. आणि ज्यांनी केवळ ओव्हरबॉट म्हणून निफ्टीचे वायदे शॉर्ट केले, त्यांनी हे एकवीस टक्के खिशातून भरले किंवा त्याआधी स्टॉपलॉसवर बाहेर पडले.

या नोव्हेंबरमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. १९ तारखेला आरएसआय नऊ अंकांनी उतरला, पण निफ्टी उतरला जेमतेम सव्वा टक्का. आरएसआय थंड व्हायला किंमत पडावीच लागते असं नाही. ती दोन-चार दिवस एका जागी थांबली, किंवा रोजची वाढ लहान झाली, तरी आरएसआय खाली येतो. ‘ओव्हरबॉट आहे, करेक्शन येणार’ हे भाकीत अशा वेळी तांत्रिकदृष्ट्या खरं ठरतं, पण ते आकड्यापुरतं. ज्या स्वस्त भावाची वाट बघत माणूस बसलेला असतो, तो भाव येतच नाही.

मार्च आणि नोव्हेंबर शेजारी ठेवले की आरएसआयच्या टोकाच्या आकड्याचा दुसरा अर्थ समोर येतो. कुठल्याही मरगळलेल्या बाजारात आरएसआय ७५ होत नाही. तिथवर जायला खरेदीदारांचा सलग, एकतर्फी जोर लागतो. म्हणजे बरेच दिवस शांत असलेल्या पट्ट्यातून बाहेर पडताना आरएसआय ७० च्या वर गेला, तर तो बहुतेकदा नवी चाल सुरू झाल्याचा पुरावा असतो. अमेरिकेतले अँड्र्यू कार्डवेल आणि नंतर कॉन्स्टन्स ब्राउन यांनी हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. ब्राउन यांच्या १९९९ मधल्या पुस्तकानुसार तेजीच्या बाजारात आरएसआयचा मुक्काम साधारण ४० ते ९० मध्ये असतो आणि मंदीत १० ते ६० मध्ये. तेजीत त्याला ३० चं तोंड क्वचितच बघायला मिळतं, त्यामुळे ३० ची वाट बघणारा फलाटावरच राहतो. मंदीत उलट, उसळी ६० च्या आसपास येऊन विझते आणि ७० ची वाट बघणाऱ्याला विकायची संधी मिळत नाही.

मग आधी ठरवायचं ते हे, की बाजार पट्ट्यात आहे की ओढीत. वाइल्डरने त्यासाठी त्याच पुस्तकात एडीएक्स नावाचं दुसरं मोजमाप दिलं होतं. एडीएक्स दिशा सांगत नाही, फक्त चालीला जोर किती आहे ते सांगतो. तो २० च्या खाली रेंगाळत असेल तर ७०-३० च्या रेषांना अर्थ आहे. २५ च्या वर जाऊन चढत असेल तर त्या रेषा बाजूला ठेवलेल्या बऱ्या, असा ढोबळ संकेत. ज्यांना दुसरी रेघ नको, ते नुसत्या डोळ्यांनीही पाहू शकतात: गेल्या काही आठवड्यांतला प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खळगा आधीच्यापेक्षा वर आहे का, की खाली, की त्याच जागी.

एक अगदी वेगळी चूकही पाहण्यात येते आणि ती बाजाराची नसते, माहितीची असते. २,००० रुपयांच्या शेअरला एकास एक बोनस मिळाला की दुसऱ्या दिवशी तो हजाराच्या आसपास उघडतो. कोणाचंच नुकसान झालेलं नसतं, शेअर दुप्पट झालेले असतात. पण जुने भाव त्या प्रमाणात निम्मे करून न घेतलेल्या चार्टला वाटतं, एका दिवसात हजार रुपये बुडाले. आरएसआय दहा-बारावर जातो आणि ‘ओव्हरसोल्ड शेअर’ शोधून देणाऱ्या यादीत ते नाव सगळ्यात वर झळकतं. कुठलीही बातमी नसताना आरएसआय एका रात्रीत कोसळलेला दिसला, तर आधी बोनस किंवा शेअर-विभाजनाची तारीख बघावी.

आणि डायव्हर्जन्स? किंमत नवा तळ गाठते, पण आरएसआय आधीच्या तळापेक्षा वर राहतो. म्हणजे घसरणीचा जोर ओसरतोय, असं वाचायची रीत आहे. मार्च २०२० मध्ये ते दिसलं. १२ मार्चला निफ्टी ९,५९० वर आणि आरएसआय १३. १९ मार्चला निफ्टी ८,२६३ वर आणि आरएसआय १४. पाठ्यपुस्तकी नमुना. पण त्यावर विसंबून १९ तारखेला घेणाऱ्याला दोनच सत्रांनंतर ७,६१० बघावे लागले. जोर ओसरू लागला म्हणजे गाडी थांबली असं नव्हे. ब्रेक लागलेली मालगाडीही बरंच अंतर पुढे जाते.

वाइल्डरला स्वतःला ७०-३० ओलांडण्यापेक्षा एका वेगळ्या खुणेवर जास्त भरवसा होता. तिला तो फेल्युअर स्विंग म्हणे. तळाशी ती अशी ओळखायची: आरएसआय ३० च्या खाली जातो, उसळून वर येतो, मग पुन्हा खाली वळतो, पण या खेपेला ३० च्या वरच सावरतो आणि आधीच्या उसळीचा माथा ओलांडतो. चार पायऱ्या. एकही गळली तर खूण रद्द.

३ मार्चची उसळी या चाचणीला लावून बघू. आरएसआय ३२ वर गेला, पण पुढच्या वळणावर, ६ मार्चला, ३० खाली घसरून २६ वर आला. तिसऱ्या पायरीवरच नापास. आता २५ मार्च घ्या. आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली होती, आणि त्या दिवशी निफ्टी ५१७ अंकांनी वर, ८,३१८ वर बंद झाला. आरएसआय ३१. स्क्रीनवर हा ३१ आणि ३ मार्चचा ३२ यांत काहीही फरक दिसत नाही. फरक दिसला पुढच्या दोन आठवड्यांत. ३१ मार्चला आरएसआय ३८ पर्यंत गेला. मग पुन्हा घसरण झाली, ३ एप्रिलला निफ्टी ८,०८४ वर आला, पण आरएसआय ३३ वर थांबला. ३० ची रेषा सुटली नाही. ७ एप्रिलला निफ्टीने एका दिवसात ७०८ अंकांची झेप घेतली, आरएसआय ४३ वर गेला आणि ३८ चा माथा मागे पडला. चारही पायऱ्या पूर्ण.

तेव्हा निफ्टी ८,७९२ वर होता, २३ मार्चच्या तळापासून १,१८२ अंक वर. वाइल्डरच्या खुणेची वाट पाहणाऱ्याने तळावरचे हे साडेपंधरा टक्के गमावले, आणि ११,३०३ ला घेण्याची चूक टाळली.